पेशंट मेडिकलमध्ये: रोज ये-जा, एकाचाच मुक्काम की चार-चार दिवसांची पाळी?

योजनेत ऑपरेशन बसलं की घरचे सुटकेचा श्वास टाकतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये पेशंटचं जेवण असतं, घरी परतण्याचं एकदाचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंही असतं. हे भाडं डिस्चार्जच्या आधीच दवाखान्यातल्या योजनेच्या माणसाकडे, म्हणजे आरोग्यमित्राकडे, मागून घ्या, नंतर राहून जातं. पण पेशंटजवळ थांबणाऱ्याचं जेवण, त्याचं अंथरूण आणि त्याचा बुडालेला रोज कुठल्याच बिलात दिसत नाही.

समजा, भंडाऱ्याकडच्या एका घरातले वडील पडले, खुब्याचं हाड मोडलं. नागपूरला मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, १२ दिवस राहावं लागेल असं दिसतंय. मोठा मुलगा सेंट्रिंगवर जातो, ७०० रुपये रोज. धाकटा किराणा दुकानात आहे, खाडा झाला की ४०० कापले जातात. साठेक किलोमीटरचं अंतर. एसटी आणि ऑटो मिळून एका फेरीला १३० धरू. भाड्याच्या गादीला किंवा धर्मशाळेतल्या खाटेला रात्रीचे १००. हे आकडे हिशेबापुरते आहेत, तुमचे तुम्ही भरा.

बहुतेक घरांत पहिल्यांदा सुचतं ते असं, की दोघा भावांनी एक दिवसाआड थांबायचं. कानाला बरं वाटतं, कुणा एकावर भार नाही. पण बघा, मोठा सोमवारी सकाळी आला, मंगळवारी सकाळी धाकटा आल्यावर निघाला. घरी पोचेस्तोवर दुपार. साइटवर अर्ध्या दिवसासाठी कुणी उभं करत नाही, म्हणजे मंगळवारही गेला, आणि बुधवारी पुन्हा त्याचीच पाळी! दोघांचेही सगळेच दिवस बुडतात. रोजाचे १३,२००, रोजच्या दोन फेऱ्यांचे ३,१२०, गादीचे १,२००. घरचा डबा येतो म्हणून जेवणाला दिवसाचे १०० धरले तरी १,२००. एकूण १८,७२०.

आता धाकट्याने एकट्यानेच मुक्काम केला तर? रोजाचे ४,८००, गादीचे १,२००, जाण्या-येण्याचे २६०. सकाळचे पोहे-चहा आणि दोन वेळचं जेवण बाहेर, दिवसाला २०० म्हणजे २,४००. एकूण ८,६६०, निम्म्याहूनही कमी. मात्र मोठा थांबला तर हाच खर्च १२,२६० होतो. मोठ्यानेच थांबायचं ही रीत इथे महाग पडते.

जेवणात अजून थोडं वाचू शकतं. जवळ शिवभोजन केंद्र चालू असेल तर थाळी १० रुपयांत मिळते, पण दुपारच्या ठरलेल्या वेळेतच आणि थाळ्या असेपर्यंतच. डॉक्टरांचा राउंड लांबला की ती हुकते.

एकट्याच्या मुक्कामात अडचण पैशांची नाही, माणसाची आहे. रात्री सलाइन संपत आलं की सिस्टरला हाक मारायची, भांडं द्यायचं, पहाटे रिपोर्टसाठी रांगेत उभं राहायचं. चार-पाच रात्रींनंतर थांबणारा बसल्या जागी झोपतो; कोणती गोळी दिली आणि कोणती राहिली याचा घोळ व्हायला लागतो. तसं दिसलं की बदली पाठवाच.

म्हणून मला तिसरा मार्ग पटतो: चार दिवस धाकटा, चार दिवस मोठा, पुन्हा चार दिवस धाकटा. बदली सकाळी केली तर दोन्ही वेळा जाणाऱ्याचा एक दिवस जादा बुडतो आणि खर्च ११,४८० वर जातो. तीच बदली संध्याकाळी केली, म्हणजे काम आटोपून एक जण निघाला आणि तो पोचल्यावर दुसरा रात्रीच्या गाडीने परतला, तर १०,३८०. नुसत्या वेळेच्या फरकाने ११०० रुपये. शेवटची एसटी किती वाजता सुटते आणि वॉर्डात त्या वेळी पासवर माणूस बदलू देतात का, एवढं आधी विचारून ठेवा.

ऑपरेशनच्या दिवशी मात्र दोघं लागतातच. रक्तपेढीत एक, ओटीच्या दाराशी एक. त्या दिवशीचा दुसऱ्याचा रोज आणि फेऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या मार्गात वेगळ्या जोडा.

घरात बहीण किंवा आई थांबू शकत असेल तर एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत. पण पुरुषांच्या वॉर्डात रात्री बाईमाणसाला थांबू देतीलच असं नाही, आणि आई आली की घरची गुरं कोण बघणार, दूध कोण घालणार? तोही रोजच धरायचा.

लॉजची खोली? मेडिकल चौकाच्या आसपास शोधता येईल, पण १२ दिवसांसाठी मी घेणार नाही. घ्यायचीच तर ऑपरेशनच्या आसपासच्या एक-दोन रात्रींपुरती घ्या, कारण तेव्हा दोघं असतात आणि एकाला तरी नीट झोप मिळते.