एक मिनिटाचा चार्ट, स्कॅल्पिंग इंडिकेटर आणि दर सौद्यामागे ८२ रुपये : काही महिन्यांच्या वापरानंतर

शेअरच्या चार्टवर घ्या-विकाचे बाण दाखवणाऱ्या स्कॅल्पिंग इंडिकेटरचं सबस्क्रिप्शन रिन्यू करायचा मेसेज आला आणि त्याच दिवशी कस्टमर केअरने माझं तक्रारीचं तिकीट तिसऱ्यांदा बंद केलं. म्हणून हे लिहायला बसलो. इंडिकेटर कसं दिसतं, बाण कुठे येतात, हे सगळं तुम्हाला माहीत असणारच. एक मिनिटाची कँडल, म्हणजे त्या मिनिटातले भाव दाखवणारी पट्टी, हिरवा बाण आला की घ्यायचं, ५० पैसे मिळाले की विकायचं. वागळे इस्टेटमधल्या ऑफिसला सेकंड शिफ्ट असल्यामुळे सकाळ मोकळी असते, त्यामुळे मी ते इमानेइतबारे वापरलं.

आधी तक्रार. चार्टवर टार्गेट लागलेलं दिसायचं, पण माझा विक्रीचा भाव नेहमी एक टिक खाली. एक टिक म्हणजे पाच पैसे, त्यात काय एवढं, असं ज्याला वाटतं त्याने पुढचा हिशोब वाचावा. मी स्क्रीनशॉट पाठवायचो आणि पलीकडून ठरलेलं उत्तर यायचं, ‘चार्ट एलटीपीवर आधारित आहे’. फार संतापलो होतो. चार दिवस कोण कुठल्या भावाला उभा आहे ते दाखवणारी मार्केट डेप्थची खिडकी चार्टच्या शेजारी उघडी ठेवली आणि कळलं की उत्तर उर्मट असलं तरी खरं आहे.

एलटीपी म्हणजे शेवटचा सौदा ज्या भावाला झाला तो भाव. तो भाव मला मिळेलच असं नाही. समजा खरेदीदार ५०० ला उभा आहे आणि विकणारा ५००.०५ ला. कोणी घाईने विकलं तर चार्ट ५०० दाखवतो, पुढच्या क्षणी कोणी घाईने घेतलं तर ५००.०५. शेअर जागचा हललेला नाही, पण चार्टवर कँडल हिरवी-लाल होत राहते. या दोघांच्या भावातला फरक म्हणजे स्प्रेड. पाच पैशांचा स्प्रेड असलेल्या मोठ्या शेअरमध्ये हे खपून जातं. पण स्प्रेड २५ पैशांचा असेल, तर एक मिनिटाच्या कँडलचा बराचसा भाग हाच वर-खाली खेळ असतो, आणि इंडिकेटर त्याच्यावर बाण काढत बसतं. दिवसाच्या चार्टवर हे दिसतसुद्धा नाही. त्यात बहुतेक रिटेल अ‍ॅपना प्रत्येक सौदा येत नाही, ठरावीक अंतराने भावाचा तुकडा येतो. त्यामुळे दोन अ‍ॅपवर एकाच मिनिटाचा हाय वेगळा दिसू शकतो.

आता माझा एक सौदा, कॉन्ट्रॅक्ट नोटवरून. शेअर ५०० च्या आसपास, २०० नग, म्हणजे साधारण एक लाखाचा सौदा. बाण आला तेव्हा चार्टवर ५००, खरेदी झाली ५००.०५ ला. चार्टवर ५००.५० लागलं, विक्री झाली ५००.४५ ला. म्हणजे ४० पैसे गुणिले २००, ८० रुपये. पोझिशनच्या पानावर हिरव्या अक्षरात ८० झळकले, कारण तिथे खर्च वजा करून दाखवायची पद्धतच नाही. संध्याकाळी मेलवर आलेली पीडीएफ पॅन टाकून उघडली. ब्रोकरेज दोन्ही बाजूंचं मिळून ४०. विक्रीवर एसटीटी हा सौद्यावरचा कर, ०.०२५ टक्के, २५ रुपये. एक्स्चेंजचे जवळपास सहा, स्टँप ड्यूटी तीन, सेबीचे काही पैसे, आणि ब्रोकरेज व एक्स्चेंजच्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, आठ रुपयांच्या वर. एकूण ८२ रुपये आणि वर काही पैसे. टार्गेट लागलं, बाण बरोबर ठरला, आणि मला दोन रुपयांचा तोटा झाला.

दर वेळी स्प्रेड असा दोन्ही टोकांना लागतोच असं नाही. सरासरी एकदाच, म्हणजे दहा रुपये धरू. तरी ५० पैसे गुणिले २०० म्हणजे १०० च्या नफ्यातून ८२ आणि हे दहा, असे ९२ गेले की आठ हातात राहतात, आणि तोटा थांबवायला तेवढ्याच अंतरावर लावलेला स्टॉपलॉस लागला की १९२ जातात. नुसतं बरोबरीत राहायला १०० पैकी ९६ सौदे जिंकायला हवेत. इंडिकेटरवाल्याने जाहिरातीतही एवढा दावा केलेला नाही! ठाण्याच्या भाषेत सांगायचं तर आनंदनगर नाक्यावर पूर्ण टोल भरायचा आणि पुढच्या सिग्नलला उतरायचं, असा हा प्रवास. तिथला हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ तरी झाला.

सोसायटीतल्या एका अनुभवी गृहस्थांचा सल्ला होता, ‘क्वांटिटी वाढव, ब्रोकरेज तेवढंच राहतं.’ अर्धं खरं आहे. दहा लाखांचा सौदा केला तर टार्गेट १००० रुपयांचं आणि खर्च साधारण ४०० चा, कारण एसटीटी, एक्स्चेंजचं शुल्क आणि स्टँप सौद्याच्या प्रमाणात वाढतात. शिवाय २००० नग पहिल्याच भावाला मिळतील याची खात्री नाही. ब्रोकरेज अजिबात नसलेला ब्रोकर शोधला तरी लाखामागे ३५ रुपये सुटत नाहीत.

स्प्रेड वाचवायला मी ठरवलेल्या भावालाच घेणारी लिमिट ऑर्डर लावूनही पाहिलं. ५०० ला रांगेत उभं राहायचं. पण त्या भावाला माझ्याआधी उभे असलेले सगळे भरले की माझा नंबर लागतो, आणि तो लागतो तेव्हा बहुधा शेअर खालीच चाललेला असतो. जो वर उडणार असतो तो मला न घेताच उडतो. मोठ्या संस्थांची मशीन एक्स्चेंजच्या आवारातच बसवलेली असतात, मी घरच्या वायफायवर.

इथे माझं मत थोडं बदललं. चार्टचं अ‍ॅप वाईट नाही, मिनिट वाईट आहे. दिवसाला दीड टक्का हलणारा ५०० चा शेअर घ्या, म्हणजे साडेसात रुपये. बाजाराची मिनिटं ३७५. निव्वळ योगायोगाची हालचाल वेळेच्या वर्गमुळाने वाढते, आणि ३७५ चं वर्गमूळ १९ च्या थोडं वर. म्हणजे एका मिनिटाची नेहमीची हालचाल ३९ पैसे. माझा ५० पैशांचा स्टॉपलॉस या गोंगाटाच्या आतच उभा होता. तो लागायला बातमी, ट्रेंड, काहीही लागत नाही. १५ मिनिटांच्या चार्टवर दिवसाच्या कँडल २५, वर्गमूळ पाच, नेहमीची हालचाल दीड रुपया. तिथे तीन रुपयांचं टार्गेट आणि तेवढाच स्टॉप ठेवला तर खर्च तोच ९२ च्या आसपास, पण ६०० च्या समोर. बरोबरीला ५८ टक्के पुरतात. तेही सोपं नाही, नाणं उडवून ५० च येतात. पण ९६ च्या मानाने निदान माणसाच्या आवाक्यातली गोष्ट.

सेबीने जुलै २०२४ मध्ये शेअरमधल्या इंट्राडेचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२२-२३ मध्ये ७१ टक्के लोक तोट्यात, आणि वर्षाला ५०० पेक्षा जास्त सौदे करणाऱ्यांत ८० टक्के. माझी कॉन्ट्रॅक्ट नोटची फाइल पाहिल्यावर त्यात मला नवल वाटलं नाही.

तर रेटिंग. चार्टला चार स्टार, १५ मिनिटांवर वापरणार असाल तर. पोझिशनच्या पानावर खर्च न दाखवण्याबद्दल एक कापला. इंडिकेटरला एक, तोही रंग चांगले आहेत म्हणून. रिन्यू करत नाही म्हटल्यावर विक्रेत्याने फोन करून ‘नॉइज फिल्टर’वालं नवं व्हर्जन सुचवलं, वर आणखी पैसे. आत काय आहे विचारलं तर शेवटच्या १५ कँडलची सरासरी. ते मला १५ मिनिटांचा चार्ट लावून फुकट मिळतंय.