एचटी शिक्क्याचे पॅलेट आणि क्रेट : अख्खा पावसाळा वापरून झाल्यावरचा अनुभव

आमचं वसईला छोटं युनिट आहे, कास्ट आयर्नचे व्हॉल्व्ह आणि पंपाचे पार्ट बनवतो, बराचसा माल न्हावा शेवावरून अमेरिकेला आणि थोडा युरोपला जातो. एक्सपोर्टच्या पॅकिंगचं लाकूड आतले किडे मरावेत म्हणून तापवावं लागतं, त्याला हीट ट्रीटमेंट म्हणतात, आणि तसा एचटी शिक्का लाकडावर मारतात. पावसाळ्याच्या आधी आम्ही पॅकिंगवाला बदलला आणि तेव्हापासून पॅलेट, क्रेट, आतले ठोकळे सगळं तळोज्याच्या एका हीट ट्रीटमेंट युनिटकडून घेतोय. नाव लिहीत नाही, ही त्यांची जाहिरात नाही. पण आपल्याकडे "शिक्का मारून देतो शेठ" म्हणणारे गल्लोगल्ली आहेत, म्हणून नेमकं काय मिळतं आणि काय मिळत नाही ते सविस्तर लिहितोय.

आधी बदलायचं कारण. आमचा एक कंटेनर अमेरिकेत अडकला होता. क्रेट सगळे शिक्क्याचे, कागद बरोबर, तरी अडकला. कारण क्रेट हलू नयेत म्हणून स्टफिंगच्या, म्हणजे कंटेनर भरायच्या, वेळी कंत्राटदाराच्या माणसांनी मधे जे ठोकळे आणि रीपा ठोकल्या, म्हणजे चोकिंग, ते आवारात पडलेलं जंगली लाकूड होतं. शिक्का नाही आणि दोन ठोकळ्यांना चक्क साल. तिकडच्या कस्टमच्या ॲग्रिकल्चर इन्स्पेक्टरने दार उघडलं तेव्हा एका ठोकळ्याखाली बारीक भुसा पडलेला दिसला, साल उचकटली तर आत जिवंत अळी. मग इमर्जन्सी ॲक्शन नोटिफिकेशन निघाली आणि कंटेनर देशाबाहेर न्या असा हुकूम. आमच्या कस्टमरने विचारलं की माल आम्ही काढून घेतो, फक्त लाकूड परत पाठवू का? अशी परवानगी कधी कधी देतात पण ते सगळं पोर्टवरच्या अधिकाऱ्याच्या हातात असतं, आणि इथे अळी जिवंत सापडली होती त्यामुळे नाही म्हणाले. अख्खा कंटेनर माघारी. जायचं भाडं, यायचं भाडं, तिकडचं डिमरेज, आणि कस्टमरची लाइन बंद ती वेगळीच. वर दंडाची टांगती तलवार, कारण अमेरिकेत पूर्वी पाच वेळा पकडलं गेल्यावर दंडाची गोष्ट निघायची, १ नोव्हेंबर २०१७ पासून पहिल्याच चुकीलाही लावू शकतात.

लोक म्हणतात एवढ्याशा ठोकळ्यासाठी एवढं? पण त्यांचं दुखणं खरं आहे. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एशियन लाँगहॉर्न बीटल सापडला, पॅकिंगच्या लाकडातून आला असं मानतात, आणि तो आवरायला त्यांना मेपलची हजारो झाडं पाडावी लागली. या भुंग्याची अळी लाकडाच्या आत खोल बोगदा करून वर्ष-दोन वर्षं आरामात राहते, बाहेरून फळी एकदम स्वच्छ. म्हणून इन्स्पेक्टर लाकूड बघून पास करत नाही, त्याला शिक्का लागतो. २००२ मध्ये आयएसपीएम १५ हे पॅकिंगच्या लाकडाचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आलं त्यामागे हेच होतं. त्यात कंटेनरमधलं सगळं अख्खं लाकूड येतं, मालाखालचं, मालामधलं, पाचर सुद्धा.

आता ट्रीटमेंटबद्दल. मी स्वतः जाऊन एक लोड बघून आलो आणि सगळ्यांनी एकदा तरी जाऊन बघावं. नियम ऐकायला सोपा आहे, लाकडाच्या गाभ्यात ५६ डिग्री सेल्सिअस सलग ३० मिनिटं. लोकांना वाटतं चेंबर ५६ ला आणा, अर्धा तास ठेवा, झालं. तसं नाहीये. हा बटाटा उकडण्याचा प्रकार आहे, वरून शिजलेला दिसतो आणि मधे कच्चा असतो. त्यामुळे लोडमधल्या सगळ्यात जाड तुकड्याला ड्रिलने मध्यापर्यंत भोक पाडतात, त्यात तापमानाचा प्रोब घालतात आणि भोकाचं तोंड बुजवतात, नाहीतर चेंबरची गरम हवा आत शिरून प्रोब खोटं जास्त दाखवतो. असे प्रोब वेगवेगळ्या जागी लावतात, खास करून जिथे हवा कमी पोचते तिथे. फळ्यांच्या थरांमधे पट्ट्या टाकून फट ठेवतात, एकावर एक चिकटून रचलं तर मधल्या फळ्या थंडच राहतात.

त्या दिवशी चेंबरची हवा पंचाहत्तर डिग्रीच्या आसपास होती. इंचभर जाडीच्या फळ्या तासाभरात ५६ च्या वर गेल्या, पण क्रेटच्या तळाचे चार बाय चार इंचाचे ठोकळे सरकता सरकेनात, त्यांना जवळपास तीन तास लागले. आणि अर्ध्या तासाचं घड्याळ सगळ्यात मागे राहिलेला प्रोब ५६ ओलांडतो तेव्हा सुरू होतं, मधे एकही प्रोब खाली आला की परत पहिल्यापासून. तिथल्या ऑपरेटरने एक गोष्ट सांगितली ती मला माहीत नव्हती. लाकूड ओलं असेल आणि चेंबरची हवा कोरडी असेल तर पृष्ठभागावरून पाणी उडत राहतं आणि ते लाकडाला थंड करतं, मग हवा कितीही गरम असली तरी गाभा अडून बसतो. म्हणून ते आत वाफ सोडतात. "पावसाळ्यात घाईवाली पार्टी आली की आम्ही सरळ नाही म्हणतो," असं तो म्हणाला, आणि जुलैमध्ये त्याने आम्हालाही एकदा नाही म्हटलंच, डिलिव्हरी एक दिवस पुढे गेली. राग आला होता पण मुद्दा त्याचा बरोबर होता.

प्रत्येक लोडबरोबर ते डेटालॉगरचा चार्ट देतात. मी आता तो बघितल्याशिवाय गाडी रिकामी करू देत नाही. हवेची रेघ आणि गाभ्याच्या रेघा वेगळ्या दिसल्या पाहिजेत, गाभा मागून हळूहळू चढत आलेला असला पाहिजे. सगळ्या रेघा एकमेकींना चिकटून वर जात असतील तर प्रोब लाकडात नाही, हवेत लटकत होता समजा. आमच्या जुन्या पॅकिंगवाल्याकडे चार्ट मागितला की तो सर्टिफिकेटची झेरॉक्स द्यायचा, तारीख वेगळी, माल वेगळा.

शिक्क्यात काय असतं ते बहुतेकांना माहीत आहे, कणसाचं चिन्ह, देशाचा कोड आयएन, युनिटचा नंबर, आणि एचटी. नंबर फरिदाबादच्या प्लांट प्रोटेक्शन, क्वारंटाइन अँड स्टोरेज संचालनालयाने त्या युनिटला दिलेला असतो, दुसऱ्या कोणी तो वापरायचा नाही. शिक्का पुसला न जाणारा हवा, हाताने रंगवलेला चालत नाही, पॅलेटच्या निदान दोन समोरासमोरच्या बाजूंना दिसला पाहिजे, आणि लाल किंवा केशरी रंग टाळायचा कारण ते धोकादायक मालाच्या लेबलांचे रंग. इथे माझी या युनिटबद्दल खरी तक्रार आहे. स्टेन्सिलची शाई खरबरीत, ओल्या लाकडावर पसरते. ऑगस्टमधल्या दोन क्रेटवरचे नंबर वाचताच येत नव्हते, ते परत पाठवले. तिकडच्या इन्स्पेक्टरला नंबर वाचता आला नाही तर त्याच्यासाठी शिक्का नसल्यासारखंच. आता गरम लोखंडाने डाग देऊन मार्क करून घेतो, थोडे पैसे जास्त.

सालीबद्दल जास्त बोललं जात नाही म्हणून लिहितो. ट्रीटमेंट झाली तरी साल काढलेली लागते, कारण उष्णतेने आधीचे किडे मरतात पण लाकडाला पुढचं संरक्षण काहीच मिळत नाही, आणि सालीखाली नवीन किडा परत घर करतो. छोटे तुकडे राहिले तर चालतात, म्हणजे रुंदी ३ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर लांबी कितीही, किंवा रुंद असेल तर एक तुकडा ५० चौरस सेंटिमीटरच्या आतला. आमचा स्टोअरवाला आता पट्टी घेऊन मोजतो, आधी हसायचा.

पावसाळ्याचा मोठा धडा बुरशीचा. एचटी म्हणजे सुकवलेलं लाकूड नव्हे! गाभा गरम झाला पण ओल बरीचशी आतच राहते, आणि असं लाकूड बंद कंटेनरमध्ये महिनाभर समुद्रावर राहिलं की ती ओल बाहेर येते, छताला पाणी धरतं आणि मालावर टपकतं. पहिल्या महिन्यातल्या एका क्रेटवर काळी-हिरवी बुरशी आली, कस्टमरने फोटो पाठवले, व्हॉल्व्हच्या फ्लँजवर गंज. बुरशीमुळे रिजेक्शन नाही झालं पण शोभा झाली. त्यानंतर आम्ही किलनमध्ये सुकवलेलं मागतो, मॉइश्चर मीटरवर २० टक्क्यांच्या खाली, आणि मीटर आमचा, त्यांचा नाही. भाव चढतो. व्हॉल्व्हसाठी परवडतं, साध्या कास्टिंगसाठी नाही, तिथे नुसतं एचटी घेतो.

गॅसबद्दल दर आठवड्याला कोणीतरी विचारतं, "कंटेनर फ्युमिगेट केलाय ना, मग शिक्का कशाला?" अहो, ते वेगळं. कंटेनरमध्ये फॉस्फिनच्या गोळ्या टाकून मिळालेलं सर्टिफिकेट आयएसपीएम १५ ला चालत नाही, फॉस्फिन त्या यादीतच नाही. मिथिल ब्रोमाइड यादीत आहे पण तेही मान्यताप्राप्त युनिटकडून आणि लाकडावर एमबीचा शिक्का मारूनच. सीएचएने, म्हणजे कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटने, फाइलला लावलेला कागद लाकडावर दिसत नाही.

जुने पॅलेट फिरवून वापरणाऱ्यांनी एवढं बघा की एखादी फळी बदलली तर नवीन फळी ट्रीट केलेली आणि तिच्यावर स्वतंत्र मार्क हवा. एक तृतीयांशापेक्षा जास्त बदललं तर जुने शिक्के खोडून सगळं परत चेंबरमध्ये. आमच्या गाळ्यातला सुतार दुरुस्तीत पटाईत आहे पण एक्सपोर्टच्या पॅलेटला त्याला आता हात लावू देत नाही, बिचारा नाराज आहे.

हलक्या मालासाठी प्लायवूडचे बॉक्स सुरू केलेत, प्लायला शिक्का लागत नाही कारण ते बनतानाच उष्णता आणि दाबाखालून जातं. पण बॉक्सच्या खाली अख्ख्या लाकडाचे पाय असले तर त्या पायांना लागतो, आणि आमच्याकडे आलेल्या पहिल्या लॉटला नेमके तेच साधे लावून आले होते, सगळे काढून बदलून घेतले.

स्टफिंग आता आमच्याच आवारात करतो. चोकिंगचे ठोकळे तळोज्याहूनच कापून, प्रत्येकावर शिक्का मारून मागवतो आणि कुलूप लावलेल्या पेटीत ठेवतो, कारण कामगाराला घाईत एक ठोकळा कमी पडला की तो जवळचं मिळेल ते लाकूड उचलणारच. दार बंद करायच्या आधी आतून शिक्क्यांचे फोटो काढतो. तळोज्याच्या युनिटकडून पुढच्या वर्षाचा रेट अजून आलेला नाही, किलनवाल्या मालाचा वाढवणार असं ऐकलंय. भिवंडीतल्या आणखी एकाकडून कोटेशन मागवलंय, त्याला आधी चार्ट पाठवायला सांगितलाय.