एकच आकडा, की आकडा आणि फ्लॅग? छोट्या गेममध्ये नात्याची नोंद कशी ठेवावी

किनाऱ्यावरच्या गावात घडणारा छोटा रोल-प्लेइंग गेम रेनपाय या गेम-इंजिनमध्ये करायला घेतला, की संवाद लिहिण्याआधीच एक निर्णय घ्यावा लागतो: पात्राला नायकाबद्दल काय वाटतं, हे गेमने लक्षात कसं ठेवायचं? पहिली पद्धत म्हणजे प्रत्येक पात्रामागे एकच आकडा. भेटवस्तू दिली की तो वाढतो, गोड बोललं की वाढतो, दुखावलं की उतरतो. दुसऱ्या पद्धतीत हाच आकडा असतो, पण मोठ्या प्रसंगांसाठी वेगळे फ्लॅग, म्हणजे ते घडले की नाही याच्या खुणा, ठेवलेल्या असतात. दोन्ही पद्धतींवर उत्तम गेम उभे आहेत. माझा कल दुसरीकडे आहे आणि त्यामागे एकच त्रास आहे. त्याकडे येतोच, पण आधी पहिल्या पद्धतीला तिचं श्रेय द्यायला हवं.

एकट्या आकड्यावर किती काम निघतं हे पाहायचं तर स्टारड्यू व्हॅली (२०१६) बघा. तिथे नात्याची एक पायरी, म्हणजे एक हार्ट, चढायला २५० पॉइंट लागतात. अतिशय आवडीची भेट ८० देते, नुसती आवडीची ४५, आणि रोजचं बोलणं २०. भेटी आठवड्याला दोनच देता येतात आणि सगळं गणित त्या मर्यादेवर तोललेलं आहे. दोन उत्तम भेटींचे १६० आणि सात दिवस बोलण्याचे १४० मिळून आठवड्याला ३०० होतात. लग्नाजोग्या पात्राचा आकडा आठ हार्टला, म्हणजे २००० वर, येऊन थांबतो आणि पुष्पगुच्छ दिल्याशिवाय पुढे सरकत नाही. तिथवर पोचायला साधारण सत्तेचाळीस दिवस लागतात, म्हणजे त्या गेमचे दोन ऋतूसुद्धा पुरते नाहीत. वाढदिवसाची भेट आठपट मोजली जात असल्याने एका दिवसात ६४० मिळू शकतात. त्यामुळे खेळाडू तारखा लक्षात ठेवायला लागतो. लग्नाजोगी बारा पात्रं आणि वर्षानुवर्षं चालणारं कॅलेंडर असेल, तर याहून सोपी आणि भक्कम रचना मला तरी माहीत नाही.

आता आपल्या बाजूचं उदाहरण घेऊ. गेम ४ मेपासून ३१ मेपर्यंत, म्हणजे अठ्ठावीस दिवस चालतो. १ जूनला मासेमारीबंदी लागते, होड्या वर ओढल्या जातात आणि मुंबईहून आलेला नायक परत निघतो. त्यामुळे शेवटची तारीख आपोआप ठरते आणि ती कुणाला समजावून सांगावी लागत नाही. बंदराजवळ सुलभाची खानावळ आहे. तिला अबोलीचा गजरा आवडतो आणि मुंबईची अत्तराची बाटली अजिबात आवडत नाही. नायक सुट्टीवर आलोय म्हणतो, पण खानावळ ज्या जमिनीवर आहे ती रिसॉर्टवाल्याला विकायची बोलणी करायला आलेला आहे. नवव्या दिवशी सुलभा त्याला सरळ विचारते. तो खरं सांगू शकतो किंवा खोटं. खोटं बोलला तर पंधराव्या दिवशी सगळं उघड होतं.

एकच आकडा ठेवायचा तर मांडणी अशी: गजऱ्याचे ५, रोजच्या बोलण्याचा १, पहिल्या पंधरवड्यातल्या दोन खास प्रश्नांच्या योग्य उत्तरांचे ४-४, आणि शेवटच्या होकारासाठी ६०. भेटींवर मर्यादा नसेल तर रोज एक गजरा म्हणजे महिनाअखेर १४०, म्हणजे संवाद न वाचताच होकार. म्हणून आठवड्याला दोनच भेटी. भेटींमधून जास्तीत जास्त ४० मिळतात आणि उरलेले २० बोलून कमवावे लागतात. भेटींची कमाल बेरीज होकाराच्या आकड्याच्या खालीच राहिली पाहिजे. हे गणित कागदावर केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता खोटं बोलणाऱ्या खेळाडूचं बघू. चौदाव्या दिवशी त्याच्याकडे बोलण्याचे १४, चार गजऱ्यांचे २० आणि प्रश्नांचे ८, असे ४२ असतात. पंधराव्या दिवशी खोटं उघड झालं म्हणून १५ कापले, उरले २७. पुढच्या चौदा दिवसांत तो पुन्हा चार गजरे देतो आणि रोज बोलतो, म्हणजे ३४ वाढले. शेवटी ६१. सुलभा हो म्हणते. खरं बोललेल्याचे ७६ होतात आणि त्यालाही तोच प्रसंग, त्याच वाक्यांसह दिसतो. जमिनीचा विषय पुन्हा निघतच नाही.

यावर पहिला उपाय सुचतो तो दंड वाढवण्याचा. १५ऐवजी ३० कापू. आता खोटारडा ४६ वर संपतो आणि त्याला नकार मिळतो. ठीक दिसतं. पण खरं बोललेला, रोज भेटणारा, मात्र महिन्याभरात दोनच गजरे देणारा भिडस्त खेळाडू घ्या. त्याचे २८, १० आणि ८ मिळून तेवढेच ४६ होतात. पात्राच्या तोंडी ४६साठी एकच वाक्य आहे. ते रागाचं लिहिलं तर भिडस्ताला अन्याय वाटतो, आणि नुसतं अलिप्त लिहिलं तर ज्याने तिची जमीन विकायला काढली त्याला ती 'येवा, बसा' म्हणते. दंड कितीही ठेवा, असे दोन खेळाडू कुठल्या तरी आकड्यावर एकमेकांना भेटतातच. किती झालं ते आकड्याला कळतं, कशामुळे झालं ते कळत नाही. माझं पारडं झुकलं ते इथे. संवाद लिहिणाऱ्याला आपण कुणाशी बोलतोय हे ठाऊकच नसेल, तर चांगलं वाक्य येणार कुठून?

फ्लॅगच्या पद्धतीत आकडा तसाच राहतो. फक्त खोट्याची अवस्था वेगळी ठेवायची:

```
default jivhala = 0
default khote = 0
# 0 खरं, 1 खोटं पण लपलेलं, 2 उघड, 3 माफी

label vadhav(gun):
    if khote != 2:
        $ jivhala = min(jivhala + gun, 100)
    return
```

गजरा दिला की `call vadhav(5)`. खोटं उघड झाल्यापासून माफी मागेपर्यंत गजरा हातात घेतला जातो, पण आकडा हलत नाही. शेवटची अट `jivhala >= 60 and khote != 2` अशी लिहायची. माफी मागितलेल्याला होकार मिळू शकतो, पण त्याच्या प्रसंगाचं पहिलं वाक्य वेगळं असतं. दंड कापायची गरजच उरत नाही, कारण गोठलेले दिवस हाच दंड. विसाव्या दिवशी माफी मागितली तर तोवरचा आठवडा वाया जातो आणि शेवटी जेमतेम ६० जमतात किंवा जमत नाहीत.

दोन नव्हे तर चार अवस्था ठेवण्याला कारण आहे. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे नायक खोटं बोलला त्याच ओळीवर फ्लॅग चढवणे. मग सुलभाला काहीच माहीत नसताना दहाव्या दिवसापासून ती तुटक वागते आणि खेळाडूला गेम बिघडला असं वाटतं. नायकाने काय केलं आणि तिला काय कळलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तपासताना `Shift+O` दाबून कन्सोलमध्ये `khote` टाइप करा. दहाव्या दिवशी तिथे 1 दिसायला हवा. 2 दिसला तर ओळ चुकीच्या जागी आहे. दुसरी चूक `default`ऐवजी `define` लिहिण्याची. `define` न बदलणाऱ्या गोष्टींसाठी असतं आणि त्यात केलेले बदल सेव्ह फाइलमध्ये जात नाहीत. गेम एका बैठकीत खेळला तर सगळं नीट चालतं, लोड केला की सुलभा सगळं विसरलेली असते.

मोठ्या गेममध्येही हे दिसतं. ड्रॅगन एज: ओरिजिन्समध्ये (२००९) सोबत्यांची मर्जी उणे १०० ते अधिक १०० अशी मोजली जाते आणि प्रत्येक पुढच्या भेटीचा प्रभाव एकेकाने घटतो. तरी बोलण्याने गमावलेलं बरंचसं भेटींनी भरून काढता येतं, आणि तो भाग मला आजही खटकतो. पण त्याच गेममध्ये अ‍ॅलिस्टर हा सोबती बहिणीला भेटून आल्यावर तुम्ही त्याला काय सांगता, याची वेगळी नोंद राहते आणि राजा होण्याबद्दलचं त्याचं मत पुढे तिच्यावरून बदलतं. पवित्र अस्थिकलश विटाळला आणि विन ही दुसरी सोबती बरोबर असली, तर तिची मर्जी कितीही वर असो, ती तुमच्यावर शस्त्र उचलते. लक्षात राहतात ते हेच प्रसंग. स्टारड्यूलासुद्धा एका जागी आकडा बाजूला ठेवावा लागला आहे. सगळ्या मुलींशी एकाच वेळी प्रेम जमवलं आणि खिशात शुभ मानला जाणारा सशाचा पाय नसला, तर त्या मिळून जाब विचारतात आणि साधारण आठवडाभर भेटी नाकारतात.

फ्लॅगची किंमत मात्र खरी आहे. होय-नाही अशा पाच फ्लॅगचे बत्तीस मार्ग होतात, आणि प्रत्येक मार्गावर सुलभाचं बोलणं जुळतंय का हे कुणीतरी खेळून बघावं लागतं. दोघांच्या चमूला ते झेपत नाही. म्हणून एका पात्रामागे दोन, फार तर तीन फ्लॅग, आणि प्रत्येक फ्लॅग तीनच ठिकाणी तपासायचा: लगेचच्या प्रसंगात, भेटवस्तूच्या लेबलमध्ये आणि शेवटी. गजरा आवडला की नाही, उशिरा आला की लवकर, असल्या गोष्टी आकड्यावरच सोडाव्यात. फ्लॅग कुठले हे गेम लोकांच्या हातात देण्याआधी ठरवा. नंतर नवा `default` घातला तर जुन्या सेव्ह फाइलमध्ये त्याला सुरुवातीची किंमत मिळते, म्हणजे आधीच खोटं बोललेला खेळाडू अपडेटनंतर खरा ठरतो.

तुमच्या गेममध्ये शेती, मासेमारी, बाजार असं रोजचं चक्र असेल, पात्रं दहाच्या वर असतील आणि कुणाचंच असं मोठं गुपित नसेल, तर एकट्या आकड्यावर राहायला माझी हरकत नाही. त्यात भेटींची आठवड्याची मर्यादा मात्र ठेवा, आणि हंगामही. हापूसची पेटी ऑगस्टमध्ये देता येऊ नये. पण पात्रं तीन-चार आणि गोष्ट एका महिन्याची असेल, त्यात एखादं वाक्य असं असेल की ते बोलल्यावर माणूस पूर्वीसारखा वागू शकत नाही, तर त्या वाक्यासाठी वेगळा फ्लॅग करा. सुलभाच्या गोष्टीत माफीचा प्रसंग मी दुपारी, गिऱ्हाईक उठून गेल्यावर, खानावळीच्या मागच्या पडवीत ठेवेन. तिथे गजरा द्यायचा पर्याय मेनूत नसेल.