नव्या ग्रुपवर पहिला मेसेज: लगेच टाकावा की थांबावं?

ट्रेकिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुम्ही लिंकवरून आलात, तर ज्यांच्याकडे तुमचा नंबर सेव्ह नाही त्यांना दिसतो तो नंबर आणि शेजारी तुम्ही प्रोफाइलला ठेवलेलं नाव. तिथे ‘जय शिवराय’ किंवा नुसतं बदामाचं चिन्ह असेल, तर कोण आलंय हे अ‍ॅडमिनलाही उमगत नाही. म्हणून इथे थांबण्यात अर्थ नाही. त्याच दिवशी ओळख द्यावी.

ऑफिसच्या टीम ग्रुपचं उलटं असतं. तिथे बहुधा मॅनेजरच अ‍ॅड करतो, आणि ‘ही आपली नवी टेस्टर’ असं त्याने म्हणायचं असतं. तो म्हणायच्या आत आपण उडी मारली तर काही बिघडत नाही, पण अर्धा दिवस वाट पाहिली तर त्याच्या मेसेजखाली आपला नमस्कार आपोआप शोभतो. संध्याकाळपर्यंत तो काहीच बोलला नाही, तर मग आपणच लिहावं.

आता मजकूर. नुसतं ‘हाय ऑल’ दोन्हीकडे वाया जातं. शंभर जणांचे फोन वाजतात, दहा जण हात जोडतात, आणि ‘आपण कोण?’ हा प्रश्न उरतोच. त्यापेक्षा ट्रेकच्या ग्रुपवर असं लिहा:

‘नमस्कार, मी मृणाल. कोथरूडला राहते. राजमाची आणि लोहगड झालेत, रात्रीचा ट्रेक अजून केलेला नाही. चांदणी चौकातून बसता येईल.’

यातलं प्रत्येक वाक्य आयोजकाच्या कामाचं आहे: सवय किती, पिकअप कुठे. यापुढे पत्ता किंवा सोसायटीचं नाव देऊ नये. लिंक कोणाकोणाकडे फिरली आहे ते आपल्याला ठाऊक नसतं. ऑफिसात मात्र राजमाची कोणी विचारत नाही. नाव, कुठलं काम हाती घेताय आणि कोणासोबत, एवढं पुरे. आधीच्या कंपनीचं पुराण तर नकोच.

वेळेचं म्हणाल, तर ट्रेकच्या ग्रुपवर शुक्रवारची रात्र टाळा. तेव्हा ‘गाडीत दोन जागा आहेत’, ‘मी वाकडला उभा राहीन’ असं चाललेलं असतं. मध्येच तुमची ओळख आली की गाडीवाल्याचा मेसेज वर सरकतो, आणि कोणीतरी वैतागतंच. मंगळवारची दुपार उत्तम. ऑफिसात रिलीजचा दिवस सोडून कधीही चालेल.

गप्प राहणं एकाच ठिकाणी बरोबर: जिथे फक्त अ‍ॅडमिन मेसेज टाकू शकतात, तिथे लिहायची पेटीच नसते. अशा वेळी अ‍ॅडमिनला वैयक्तिक ‘आलो’ कळवलं की झालं.

स्वागताचे मेसेज आले की एकेकाला ‘धन्यवाद’ लिहीत बसू नका. त्या मेसेजांवर बदाम द्या आणि शेवटी सगळ्यांना मिळून एकदाच आभार माना.