कौतुकाचा मेल की प्रश्नाचा मेल: परदेशी प्राध्यापकांना पीएचडीसाठी लिहिताना

परदेशातल्या प्राध्यापकांना पीएचडीच्या मार्गदर्शनासाठी मेल लिहिताना बहुतेकांचं घोडं एकाच परिच्छेदापाशी अडतं: आपलं काम त्यांच्या कामाशी कुठे जुळतं, हे चार-पाच वाक्यांत सांगायचं असतं. तो परिच्छेद लिहिण्याच्या दोन तऱ्हा एकाच उदाहरणावर लावून पाहू.

समजा, एका मुलीने भूशास्त्रात एमएस्सी केलंय. प्रबंधासाठी तिने पुरंदर तालुक्यातल्या एका पाणलोटातल्या विहिरींची पाणीपातळी ऑक्टोबर ते मे मोजली. प्रदेश बसाल्टचा: वर मुरमाचा, झिजलेला थर आणि खाली भेगा असलेला कातळ. जानेवारीपर्यंत पाणी भराभर उतरतं आणि नंतर उतरण्याचा वेग मंदावतो, असं तिला दिसलं. आता तिला जर्मनीतल्या एका प्राध्यापिकेला लिहायचंय. भेगाळ खडकातल्या भूजलाची गणिती प्रारूपं हा त्यांचा विषय. मेल इंग्रजीत जाईल. इथे आशय मराठीत देते.

पहिला मसुदा: “आपले भूजलावरचे शोधनिबंध वाचून मी अत्यंत प्रभावित झाले. मलाही या विषयात मनापासून रस आहे. एमएस्सीत मी विहिरींवर काम केलं असून मला जीआयएस, पायथन आणि मॉडफ्लो येतं. आपल्या मार्गदर्शनाखाली काम करायला मिळालं तर ते माझं भाग्य असेल.”

दुसरा मसुदा: “भेगाळ खडक हे एकसंध सच्छिद्र माध्यम आहे असं आपण अलीकडच्या निबंधात धरलंय आणि वर झिजलेला थर असेल तिथे हे गृहीतक कितपत टिकेल, हा प्रश्न शेवटी खुला ठेवलाय. मी बसाल्टमधल्या 22 विहिरींची पातळी ऑक्टोबर ते मे दर पंधरवड्याला मोजली. बहुतेक विहिरींत पाणी आधी भराभर आणि मग सावकाश उतरतं. एकच घातांकी वक्र त्याला लागू पडत नाही. रब्बीच्या उपशाचा परिणाम यातून वेगळा काढणं अजून बाकी आहे. झिजलेला थर आणि भेगा असे दोन साठे धरले तर आपल्या प्रारूपात हे वर्तन दिसेल का, ते मला तपासायचंय.”

पहिल्या मसुद्यात काही खोटं नाही. पण प्राध्यापिकेचं नाव बदललं की तो भूजलावर काम करणाऱ्या कोणालाही चालेल, आणि हीच त्याची परीक्षा आहे. सॉफ्टवेअरची नावं आहेत, पण ती कशासाठी वापरायची ते कुठेच नाही. त्यामुळे वाचणारीला उत्तर द्यायला धागाच सापडत नाही.

दुसऱ्यातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते उपशाचं वाक्य. विहिरी आटत आल्या की शेतकरी पंप कमी चालवतात, म्हणून वेग मंदावण्याचं कारण खडकात नसून उपशातही असू शकतं. या विषयातल्या माणसाच्या मनात ही शंका लगेच येणार. ती आपणच आधी मांडली, तर आकड्यांकडे मुलीने स्वतः डोळसपणे पाहिलंय हे कळतं. त्याखेरीज तिथे त्यांच्या कामातली खुली जागा आहे, तिची मोजमापं आहेत आणि तपासता येईल असा प्रश्न आहे.

मात्र दुसऱ्या तऱ्हेला वेळ लागतो आणि तिच्यात धोकाही आहे. नुसता सारांश वाचून “आपण हे धरलंय” असं लिहिलं आणि लेखिकेने ते धरलंच नसेल, तर कौतुकाच्या मेलपेक्षाही वाईट छाप पडते. निदान एक निबंध पद्धतीच्या भागासकट पूर्ण वाचा. खुले प्रश्न बहुधा चर्चेच्या शेवटी, मर्यादांच्या परिच्छेदात सापडतात. एवढं वाचन वीस प्राध्यापकांसाठी होत नाही. चार-पाच जणांसाठी होतं, आणि तेवढ्यांनाच लिहावं.

विषय बदलणाऱ्यांकडे स्वतःची मोजमापं नसतात. त्यांनीही कौतुकाकडे वळू नये. प्राध्यापकांच्या कोणत्या प्रश्नावर आपली कोणती पद्धत लावता येईल, एवढं दोन वाक्यांत लिहावं.

देशानुसार लांबी बदलते. जर्मनीत स्वतंत्रपणे पीएचडी करायची तर आधी मार्गदर्शकाचा होकार लागतो; डीएएडी या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या संशोधन शिष्यवृत्तीच्या अर्जालाही मार्गदर्शनाचं संमतिपत्र जोडावं लागतं. तिथे दुसरा मसुदा पूर्ण द्यावा आणि सोबत एक-दोन पानांचा आराखडा जोडावा. अमेरिकेत प्रवेश बहुतेक ठिकाणी विभागाची समिती देते आणि अनेक विभागांची अर्जाची मुदत डिसेंबरच्या आसपास असते. तिथे निरीक्षण आणि प्रश्न अशी दोनच वाक्यं ठेवून, येत्या सत्रात नवे विद्यार्थी घेणार आहात का, हे थेट विचारावं. सविस्तर जुळणी अर्जासोबतच्या निवेदनात जाते.

दोन्हीकडे माझी पसंती दुसऱ्या तऱ्हेलाच आहे. मेल पाठवण्याआधी मात्र विहिरींची मूळ नोंदवही आणि कोणत्या विहिरीवर पंप किती तास चालतो याची माहिती हाताशी ठेवा. उत्तर आलं तर पहिला प्रश्न बहुधा त्याबद्दलच असेल.