घडीची मॅट आणि कार्टव्हील : पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंतच्या वापरानंतर

मॅट साधीच आहे. चार घड्यांची, उलगडली की ८ फूट लांब आणि ४ फूट रुंद, जाडी २ इंच, आत घट्ट फोम आणि वरून रेक्झिन. यवतमाळकडच्या एका गावातल्या शाळेत पाचवी ते आठवीची पोट्टेपोट्टी हिच्यावर कार्टव्हील, म्हणजे हात टेकून बाजूला चाकासारखं फिरणं, शिकली. पहिलीच गोष्ट सांगायची तर ही मॅट उलगडून अंथरण्यापेक्षा घडी करून ठेवली तेव्हा जास्त कामी आली. ते काहून, हे कळायला नवशिक्याच्या अंगात काय चालतं ते आधी पाहावं लागतं.

कार्टव्हीलचा क्रम ठरलेला असतो: हात, हात, पाय, पाय. डावा पाय पुढे टाकून वाकलं की आधी डावा हात टेकतो, मग उजवा, मग उजवा पाय उतरतो आणि शेवटी डावा. चारही टेकू एकाच सरळ रेषेवर पडायला पाहिजेत. नवीन पोरगं हे करताना दोन्ही हात एकदम आपटतं, गुडघे पोटाशी घेतं आणि बेडकासारखं बाजूला उडी मारून दोन्ही पायांवर उतरतं. श्वास कोंडलेला, मान ताठ. ताकद कमी पडते असं बघणाऱ्याला वाटतं, पण उलट ती जरुरीपेक्षा जास्त लागत असते.

गुडघा सरळ करणारे स्नायू मांडीच्या पुढच्या बाजूला आणि वाकवणारे मागच्या बाजूला असतात. सफाईदार हालचालीत एक गट काम करतो तेव्हा दुसरा बराचसा सैल असतो आणि योग्य क्षणी ब्रेक लावायला येतो. नवशिक्याचे दोन्ही गट एकदमच ओढतात. याला सह-आकुंचन म्हणतात. दोन्हीकडून ओढ लागल्यामुळे सांधा ताठ होतो आणि बरीचशी ताकद एकमेकांना अडवण्यातच खर्च होते. पाय वर जायचे तर असतात, पण कमरेचेच स्नायू त्यांना धरून ठेवतात.

शरीर हे वेडेपणानं करत नाही. कार्टव्हील सव्वा-दीड सेकंदात आटोपतं. तोल चुकला हे डोळ्यांनी टिपून हालचाल बदलायला सेकंदाचा पाचवा-सहावा भाग जातो आणि तोवर दुसरा हात टेकूनही झालेला असतो. ताठ सांधा मात्र धक्का बसला की त्याच क्षणी विरोध करतो, त्याला मेंदूच्या निरोपाची वाट पाहावी लागत नाही. पुढे काय होणार याचा अंदाज नसेल तेव्हा ताठ राहणं हा सुरक्षित मार्ग आहे. सरावानं बदलतो तो हा अंदाज. प्रत्येक खेपेला जे अपेक्षित होतं आणि जे घडलं त्यातला फरक मेंदू, विशेषतः लहान मेंदू, वापरतो आणि पुढच्या वेळी योग्य स्नायूला योग्य क्षणी आधीच आदेश जातो. अंदाज बरोबर यायला लागला की विम्यासारखा धरून ठेवलेला ताण आपोआप उतरतो.

म्हणून “अंग सैल सोड, अकडू नको वो” असं ओरडून काही होत नाही. पोरगी एक तर आणखी अकडते, नाहीतर कोपर सैल सोडून तोंडावर येते. तिला अंदाज बांधता येईल एवढी सोपी हालचाल द्यावी लागते आणि तिथेच घडी केलेली मॅट कामाची ठरते. घडी केल्यावर २ फूट बाय ४ फुटांचा, ८ इंच उंच ठोकळा होतो. पोरगी लांबट कडेसमोर उभी राहते, एकामागून एक दोन्ही हात घडीवर टेकते आणि पाय पलीकडे नेते. डोकं फार खाली जात नाही, भीती कमी होते, आणि घडी मध्ये असल्यामुळे पाय ओलांडून न्यावेच लागतात.

सातवीतल्या एका मुलीचं उदाहरण घेऊ. सुरुवातीला फोनच्या साध्या व्हिडिओत तिचे दोन्ही हात एकाच फ्रेममध्ये टेकलेले दिसत. घडीवर पाय कमरेएवढेच वर जाऊ दिले, पण “टप… टप” असे दोन वेगळे आवाज आलेच पाहिजेत एवढी एकच अट ठेवली. आवाज वेगळे झाले तसे गुडघे न सांगता सरळ व्हायला लागले, कारण पहिल्या हातावर वजन घ्यायला वेळ मिळाला की पाय झटक्यानं ओढावे लागत नाहीत. मग मॅट उलगडून मधोमध खडूची रेघ मारली. आता दोन हातांच्या मध्ये पाच-सहा फ्रेम, म्हणजे सेकंदाचा जवळपास पाचवा भाग, दिसत होत्या. शेवटी मॅट काढून तिला आखाड्याच्या मऊ मातीत नेलं. मातीतले ठसे खोटं बोलत नाहीत: आधी दुसऱ्या हाताचा ठसा रेघेपासून वीतभर बाहेर आणि पायांचे दोन ठसे शेजारी-शेजारी, नंतर चारही ठसे रेघेवर एकापुढे एक.

सगळाच ताण घालवायचा नसतो, हे इथे सांगायलाच पाहिजे. वजन हातांवर असताना मनगट, कोपर आणि खांदा दोन्ही बाजूंनी आवळलेलेच हवेत, नाहीतर कोपर मोडतं. पोटही घट्ट हवं. सैल व्हायला पाहिजे ती मान, कंबर आणि हवेत असलेले पाय. चांगल्या खेळाडूचाही ताण शून्य नसतो, फक्त तो हवा तिथे आणि हवा तेवढा वेळच असतो.

घरची कापसाची गादी वापरून पाहायचा मोह होतो, पण ती या मॅटची जागा घेत नाही. मऊ गादीत तळवा रुततो, मनगट जास्त मागे वाकतं, जमीन कुठे लागेल याचा नेम राहत नाही आणि गेलेला ताठपणा परत येतो. दमल्यावरही तेच. कापूस वेचणीच्या दिवसांत पोरं वावरातून येतात तेव्हा खांदे आधीच भरलेले असतात. त्या दिवशी पाच-सहा खेपांनंतर ठसे पसरायला लागले की थांबवणंच बरं. एरवी पाच-सहा खेपा, मग मिनिटभर दम, असं पंधरा-वीस मिनिटं, आठवड्यात तीनदा एवढं पुरतं. एकाच दिवशी तासभर रगडण्यापेक्षा याचा फायदा जास्त, कारण शिकलेलं मधल्या दिवसांत आणि झोपेतही पक्कं होत असतं.

आता मॅटच्या खोडी. घड्यांच्या जोडावर तळवा पडला तर बोट खाचेत जातं, म्हणून पहिला हात कायम पट्ट्याच्या मध्ये पडेल असं उभं राहायचं ठिकाण खडूनं आखून घ्या. टोकांच्या चिकटपट्ट्या धुळीनं महिन्याभरात निकामी होतात. जुन्या दातब्रशनं घासल्या की काही दिवस चालतात. रेक्झिन दुपारच्या उन्हात तापतं आणि घामेजले तळवे त्यावर घसरतात, त्यामुळे सकाळची वेळ बरी, आणि जवळ एक सुकं फडकं असू द्या. गुळगुळीत फरशीवर मॅट सरकते. खाली ताडपत्री अंथरून काही उपयोग झाला नाही, जुनी रबरी पायपुसणी दोन टोकांना घातली तेव्हा थांबली.

डाव्या बाजूनं जमलेलं कार्टव्हील उजव्या बाजूनं करायला लावलं की बेडूक परत हजर होतो. क्रम डोक्यात असतो त्यामुळे वेळ कमी लागतो, पण कंबर आणि खांद्याचा अंदाज त्या बाजूनं नव्यानं बांधावा लागतो. त्यासाठी मॅट पुन्हा घडी करूनच सुरुवात करा.