कपाटाची सुटलेली कड आणि न वाळलेला गोंद

जुळे सोलापुरातील आमच्या घरी झोपण्याच्या खोलीतले प्लायवूडचे कपाट पश्चिमेच्या खिडकीसमोर आहे. उन्हाळ्यात दुपारी तीननंतर त्याच्या उजव्या दारावर थेट ऊन येते. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात याच दाराच्या खालच्या कडेचे लॅमिनेट, ज्याला आपण सर्रास सनमायका म्हणतो, सुमारे दोन फूट लांब आणि दोन इंच आतपर्यंत सुटले. ओळखीतून मिळालेल्या एका कारागिराला बोलावले. त्याने दाराकडे पाहताक्षणीच "प्लाय फुगलाय साहेब, दोन्ही दारं बदलावी लागतील" असे सांगून साडेसहा हजारांचा आकडा काढला. मी नकार दिल्यावर "मग तात्पुरतं चिकटवून देतो" म्हणत तो चौदाशे रुपयांवर आला. त्यात चिकटवायच्या गोंदाच्या एक लिटरच्या डब्याची पूर्ण किंमत धरलेली होती.

प्लायवूड खरोखर फुगले आहे की नाही, हे त्याने तपासलेच नाही, आणि मीही विचारले नाही. सुटलेल्या भागातील लाकडावर स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबून पाहिले असते तर ते कोरडे आणि टणक असल्याचे कळले असते. टोक सहज रुतले, थर सुटे झालेले दिसले किंवा कड जाड झालेली आढळली, तरच प्लायवूड गेले असे समजावे, कारण तशा लाकडावर कोणताही गोंद टिकत नाही.

त्याने जुना गोंद खरवडला नाही. फटीत ब्रश घालून फक्त प्लायवूडला नवा गोंद लावला, दोन मिनिटांच्या आत लॅमिनेट दाबून बसवले, कडेवर तीन ठिकाणी क्लॅम्प कसले आणि संध्याकाळी ते काढून, पैसे व जवळजवळ भरलेला डबा घेऊन तो निघून गेला. त्या दिवशी कड सरळ दिसत होती. मात्र अंगठा फिरवल्यावर क्लॅम्पच्या जागा खोल आणि मधला भाग उचललेला लागत होता, आणि नखाने टिचकी मारली की तिथे पोकळ आवाज येत होता. सहाव्या दिवशी दुपारच्या उन्हात पूर्ण कड पुन्हा उघडली. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही.

शेजारच्या काकांनी आयुष्यभर फर्निचरची कामे केली आहेत. त्यांनी कड हळूच उचलून दाखवली. प्लायवूडवर पिवळसर गोंद अजून मऊ होता, तर लॅमिनेटची पाठ नव्या गोंदाविना कोरडी होती. काकांनी सांगितले की हा रबराचा गोंद दोन्ही पृष्ठभागांवर लावायचा असतो आणि त्यातील द्रावक उडून गेल्यावरच ते एकमेकांना जोडायचे असतात. ओला असताना फट बंद केली तर द्रावक आत कोंडतो, गोंद मऊच राहतो आणि ऊन लागताच सुटतो.

मग आम्ही दोघांनी काम केले. सर्वप्रथम खिडक्या उघडल्या आणि स्वयंपाकघरातील गॅस बंद केला, कारण या गोंदाची वाफ पेट घेते. लॅमिनेट ताठ झाले होते, म्हणून केस वाळवण्याच्या यंत्राने ते कोमट करून काळजीपूर्वक उचलले. तसेच ओढले असते तर तडकले असते. जुना गोंद पातळ पत्र्याने खरवडला, दोन्ही बाजूंवर 80 नंबरचा पॉलिश पेपर फिरवला आणि धूळ पुसली. अर्ध्या इंची ब्रशने दोन्हीकडे पातळ थर दिला. प्लायवूड गोंद शोषून घेते म्हणून त्यावर तो वाळल्यावर आणखी एक थर दिला. वाळताना दोन्ही बाजू एकमेकींना टेकू नयेत, यासाठी फटीत आइस्क्रीमच्या काड्या खोचून ठेवल्या. सुमारे पंधरा मिनिटांनी बोट टेकवल्यावर चिकटपणा जाणवला, पण गोंद बोटाला लागला नाही. काकांच्या मते हीच जोडण्याची वेळ होती.

टेकताक्षणी लॅमिनेट पक्के धरले जाते व पुन्हा सरकवता येत नाही, म्हणून काड्या एकेक करून काढत, आतल्या बाजूने कडेकडे दाबत आलो, म्हणजे हवा बाहेर निघत गेली. दाबायला आईचे लाटणे कापडात गुंडाळून वापरले. काकांनी पूर्ण लांबीवर ते जोर देऊन चार-पाच वेळा फिरवले. या गोंदाला रात्रभर दाबून ठेवण्यापेक्षा सुरुवातीचा जोर आणि तो सगळीकडे सारखा असणे महत्त्वाचे, असे त्यांचे म्हणणे होते. कडेला उसळी येऊ नये म्हणून शेवटी दोन फुटांची सरळ लाकडी पट्टी ठेवून तिच्यावर क्लॅम्प लावले. कारागिराने नेमकी ही पट्टीच वगळली होती.

यासाठी गोंदाचा लहान डबाही पुरा लागला नाही, त्यामुळे लिटरभर डब्याची किंमत धरणारा हिशोबच खोटा होता, हे तेव्हा ध्यानात आले. पावसाळा आणि पुढचा मे महिनाही उलटला. टिचकी मारल्यावर कडेचा आवाज अजून भरीव येतो. लाटणे मात्र आईने परत स्वयंपाकघरात घेतले नाही.